फेटलेल्या कॉफीचा फेस धरत नाही: कारणे आणि क्रमाने करायच्या तपासण्या

इन्स्टंट कॉफी, साखर आणि गरम पाणी एकत्र फेटून थंड दुधावर घातला जाणारा जाड फेस, म्हणजे २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचलेली ‘डालगोना’ कॉफी, बिघडते तेव्हा ती साधारण चार प्रकारांनी बिघडते. ऐरोलीतील आमच्या इमारतीत आणि ठाण्यातील नातेवाइकांकडे हा बिघाड मी वारंवार दुरुस्त केला आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की नेमके काय बिघडले आहे हे पाहिल्याशिवाय नवी कॉफी किंवा नवे यंत्र विकत आणू नये. बहुतेक वेळा दोष घरातच आणि फुकटात सापडतो.

लक्षणे

पहिल्या प्रकारात मिश्रण काळपट आणि पाणीदारच राहते. वर मोठे बुडबुडे येतात आणि फेटणे थांबवताच फुटून जातात. दुसऱ्या प्रकारात रंग उजळतो, मिश्रण थोडे दाट होते, पण चमचा उचलला की ते धारेने खाली पडते आणि कितीही वेळ फेटले तरी त्यापुढे जात नाही. तिसऱ्या प्रकारात फेस चांगला येतो, मात्र दहा-पंधरा मिनिटांत तो बसतो आणि भांड्याच्या तळाशी गडद पाणी साचते. चौथ्या प्रकारात फेस टिकतो, परंतु जिभेला कण लागतात किंवा त्यात कॉफीच्या काळ्या गुठळ्या दिसतात.

आपला प्रकार कोणता ते आधी ठरवावे. पहिल्या प्रकारात कॉफीच्या डब्यावर आणि भांड्यावर संशय घ्यावा, दुसऱ्यात पाण्यावर, तिसऱ्यात साखरेवर आणि चौथ्यात विरघळण्यावर. पुढील तपासण्या मात्र क्रमानेच कराव्यात, कारण सुरुवातीच्या दोन तपासण्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत आणि त्या वगळल्या तर पुढचे सगळे मोजमाप वाया जाते.

डब्यावर काय लिहिले आहे ते वाचा

हा फेस फक्त इन्स्टंट कॉफीचाच होतो. दळलेल्या बियांची कॉफी पाण्यात पूर्ण विरघळत नाही. फिल्टरमधून काढलेला अर्क कितीही कडक असला तरी त्यात विरघळलेला ऐवज फेस धरण्याइतका नसतो. इन्स्टंट कॉफी म्हणजे असा अर्क वाळवून केलेली पूड असल्याने थोड्या पाण्यात तो ऐवज भरपूर विरघळवता येतो. त्यातील प्रथिने, मोठ्या रेणूंच्या शर्करा आणि भाजताना तयार झालेली तपकिरी द्रव्ये हवेच्या बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा धरतात. हा पापुद्रा तयार झाला नाही तर पुढचे काहीही उपयोगाचे नाही.

आपल्याकडे बऱ्याच डब्यांत कॉफी आणि चिकोरीचे मिश्रण असते आणि दोन्हींची टक्केवारी वेष्टनावर छापलेली असते. नियमानुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरी असलेली पूडही दुकानात मिळू शकते. चिकोरीला चव आहे, रंग आहे, पण फेस धरण्याच्या कामी ती फारशी येत नाही. ७० टक्के कॉफी असलेल्या मिश्रणाचा फेस येतो, मात्र त्याला वेळ अधिक लागतो आणि तो मऊ राहतो. चिकोरीचे प्रमाण त्याहून बरेच वाढले, तर त्या पुडीची कॉफी नेहमीप्रमाणे दुधात करून प्यावी आणि फेसासाठी शंभर टक्के कॉफीची लहान पुडी आणावी. पूर्ण बाटली विकत घेण्याआधी पुडीवर करून पाहणे स्वस्त पडते.

दूध पावडर आणि साखर आधीच मिसळलेली ‘थ्री इन वन’ पुडी या कामाला घेऊ नये. तिच्यात कॉफी कमी आणि स्निग्धांश जास्त असतो.

भांड्याला स्निग्धांश चिकटला आहे का

तूप, तेल, साय किंवा दह्याचा अगदी पातळ थर भांड्याला असला, तरी तो बुडबुड्याचा पापुद्रा जागोजागी तोडतो. डोळ्यांना भांडे स्वच्छ दिसते, म्हणून ही तपासणी पाण्याने करावी. भांडे विसळून उलटे धरावे आणि मग आतील बाजू उजेडात पाहावी. पाणी एकसंध पडद्यासारखे पसरले असेल, तर भांडे निर्मळ आहे. ते थेंबाथेंबाने तुटून दिसत असेल, तर स्निग्धांश शिल्लक आहे असे समजावे आणि कडकडीत पाणी व भांडी घासायचा साबण वापरून पुन्हा घासावे. नंतर साबणही नीट निघून जाईपर्यंत विसळावे. काच आणि स्टील यांना ही कसोटी चांगली लागू पडते. प्लास्टिकवर मात्र स्वच्छ असतानाही पाण्याचे थेंब दिसतात आणि त्याच्या ओरखड्यांत तेल धरून राहते, म्हणून या कामाला प्लास्टिकचे भांडे घेऊच नये.

भांड्याइतकेच लक्ष फेटण्याच्या साधनाकडे द्यावे लागते. घरात ताकासाठी वापरली जाणारी लाकडी रवी दिसायला अगदी योग्य वाटते आणि अनेक जण तीच घेतात. परंतु लाकडात लोण्याचा अंश मुरलेला असतो आणि तो साबणाने पूर्ण निघत नाही. दुधाचा फेस काढण्यासाठी वापरलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या फ्रॉथरच्या तारेच्या वेटोळ्यातही वाळलेले दूध अडकून राहते. ते वेटोळे गरम साबणाच्या पाण्यात बुडवून अर्धा मिनिट चालवावे आणि नंतर स्वच्छ पाण्यात तसेच फिरवावे.

याच कारणामुळे पाण्याऐवजी दूध घालून फेटू नये. दूध नंतर ग्लासात यायचेच आहे, फेटताना त्याचा थेंबही नको.

पाणी मोजा, आणि ते चमच्याने नव्हे तर वजनाने

वरील दोन गोष्टी बरोबर असूनही मिश्रण पातळच राहत असेल, तर दोष बहुधा प्रमाणात असतो. सर्वत्र सांगितले जाणारे प्रमाण म्हणजे कॉफी, साखर आणि पाणी समान चमचे. हे प्रमाण चुकीचे नाही. अडचण चमच्याची आहे. पाककृतीतील टेबलस्पून १५ मिलिलिटरचा असतो, तर आपला पोहे खाण्याचा चमचा त्याहून बराच लहान असतो. साखर आणि कॉफी चमच्यावर शिगोशीग येतात, पाणी येत नाही. शिवाय अनेक जण कोरडे जिन्नस चमच्याने मोजतात आणि पाणी मात्र पातेल्यातून अंदाजाने ओततात. त्यात भर म्हणजे बारीक पुडीचा एक सपाट टेबलस्पून साधारण ५ ग्रॅम भरतो, पण जाड, हलक्या दाण्यांच्या कॉफीचा तोच चमचा जेमतेम ३ ग्रॅम भरतो. चमचे समान आणि कॉफी मात्र निम्म्याच्या जवळ, असे त्यामुळे घडते.

म्हणून मी वजनाचे प्रमाण सांगतो, आणि ते लक्षात ठेवायला सोपे आहे: कॉफी एक भाग, साखर तीन भाग, पाणी तीन भाग. दोन ग्लासांसाठी ८ ग्रॅम कॉफी, २४ ग्रॅम साखर आणि २४ ग्रॅम पाणी घ्यावे. पाण्याचा ग्रॅम आणि मिलिलिटर इथे एकच मानायला हरकत नाही. केकसाठी घेतलेला छोटा डिजिटल वजनकाटा घरी असेल तर काम एका मिनिटाचे आहे. काटा नसेल, तर पाण्यासाठी औषधाच्या बाटलीवरचे मिलिलिटरच्या खुणा असलेले स्वच्छ टोपण वापरावे आणि कॉफीसाठी वजन छापलेल्या छोट्या पुड्या मोजून फोडाव्यात. साखरेसाठी एक सपाट टेबलस्पून म्हणजे सुमारे १२ ग्रॅम, असा हिशेब धरावा.

पाणी वाढले की दोन गोष्टी एकदम होतात. बुडबुड्याला पापुद्रा देणारी द्रव्ये विरळ होतात आणि साखरेचा पाक पातळ होतो. त्यामुळे फेस घट्ट होण्याआधीच बुडबुड्यांमधील पाणी खाली निथळू लागते. अशा वेळी आणखी पंधरा मिनिटे फेटून काहीही साधत नाही, आणि नेमके तेच सर्वाधिक केले जाते.

कोपरखैरण्याच्या माझ्या मावसबहिणीकडे असेच झाले होते. दुसऱ्या प्रकारचे लक्षण होते: रंग बदामी झालेला, पण चमच्यावरून धार पडत होती. तिने जाड दाण्यांची कॉफी दोन चमचे, साखर दोन चमचे आणि पाणी ‘तेवढेच’, पण थेट पातेल्यातून ओतून घेतले होते. मिश्रण फेकून देण्याऐवजी आम्ही ते भांड्यासकट काट्यावर ठेवले. वजन २८५ ग्रॅम आले. तसेच दुसरे रिकामे भांडे जोडीचे होते, त्याचे वजन २१० ग्रॅम. म्हणजे आतील मिश्रण ७५ ग्रॅम. मग तिच्याच चमच्याने कॉफी आणि साखर पुन्हा तशाच घेऊन तोलली, तेव्हा कॉफी ५ ग्रॅम आणि साखर २५ ग्रॅम भरली. उरलेले ४५ ग्रॅम हे पाणी. कॉफीच्या तिप्पट हवे होते ते पाणी नऊपट झाले होते.

ओतलेले पाणी परत काढता येत नाही, त्यामुळे बाकीचे जिन्नस पाण्यापर्यंत आणावे लागतात. ४५ ग्रॅम पाण्याला १५ ग्रॅम कॉफी आणि ४५ ग्रॅम साखर लागते, म्हणून आम्ही १० ग्रॅम कॉफी आणि २० ग्रॅम साखर वाढवली. दाणे विरघळेपर्यंत सावकाश ढवळले आणि मग हँड मिक्सर चालवला. चार-पाच मिनिटांत फेस टोक धरून उभा राहिला. दोन ग्लासांऐवजी जवळजवळ चार ग्लासांचा फेस झाला, आणि उरलेला झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी तळाशी थोडे पाणी सुटले होते, ते मिनिटभर फेटल्यावर पुन्हा मिसळून गेले. नुसती कॉफी वाढवून हा दोष निघाला नसता, कारण पाक पातळच राहिला असता.

पाणी कोणते वापरावे असा प्रश्न नवी मुंबईत हमखास येतो. मोरबे धरणाचे नळाला येणारे पाणी आणि फिल्टरचे पाणी, दोन्ही वापरून मला फेसात फरक आढळलेला नाही. पाणी गरम मात्र असावे, कारण गार पाण्यात साखर लवकर विरघळत नाही. उकळी आल्यावर गॅस बंद करून लगेच मोजून घेतलेले पाणी उत्तम.

साखर कमी केली आहे का, आणि ती विरघळली आहे का

साखर इथे केवळ गोडीसाठी नसते. समान वजनाच्या पाण्यात विरघळल्यावर तिचा दाट पाक होतो आणि तो पाक बुडबुड्यांमधून सावकाश निथळतो. साखरेशिवायही कॉफीचा फेस येतो, हे करून पाहण्यासारखे आहे, पण तो फेस कोरडा, मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि काही मिनिटांत बसतो. तिसऱ्या प्रकारच्या लक्षणाचे हे सर्वांत मोठे कारण आहे. गोडीच्या गोळ्या किंवा थेंब वापरणाऱ्यांची कॉफीही याच कारणाने बसते, कारण त्यांत गोडी असते पण पाक दाट करणारे वस्तुमान नसते.

साखर कमी करायचीच असेल तर ती निम्म्यापर्यंत, म्हणजे ८ ग्रॅम कॉफीला १२ ग्रॅमपर्यंत आणता येते. त्याबरोबर पाणीही १६ ग्रॅमपर्यंत खाली आणावे आणि फेस तयार होताच प्यावा, त्याला ठेवून देऊ नये. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी एका ग्लासात पूर्ण प्रमाणाने १२ ग्रॅम साखर जाते हे ध्यानात घेऊन आपल्या डॉक्टरांचा सल्ला पाळावा.

जिभेला कण लागणे हे वेगळे प्रकरण आहे. आपल्या वाण्याकडची साखर जाड दाण्याची असते आणि २४ ग्रॅम पाण्यात २४ ग्रॅम साखर विरघळायला थोडा वेळ लागतो. फेटायला घेण्याआधी मिश्रण चमच्याने मिनिटभर ढवळावे आणि दोन बोटांत चोळून पाहावे. कण लागला तर भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात अर्धे बुडवून पुन्हा ढवळावे. एकदा फेस झाल्यावर राहिलेले कण सहसा विरघळत नाहीत.

साधन आणि वेळ

प्रमाण बरोबर असेल तर हँड मिक्सरने तीन ते पाच मिनिटे, फ्रॉथरने त्याहून थोडी अधिक आणि तारेच्या हाताच्या फेटणीने दहा-पंधरा मिनिटे लागतात. पहिल्या मिनिटाला काळपट पाण्यावर मोठे बुडबुडे दिसतात. मग रंग तांबूस होतो आणि बुडबुडे बारीक होतात. त्यानंतर फेटणीच्या तारांचे चरे मिश्रणावर उमटतात, पण लगेच भरून येतात. ते चरे भरून येईनासे झाले आणि फेटणी उचलल्यावर टोक राहिले, की फेस श्रीखंडासारखा झालेला असतो आणि तिथे थांबावे. बहुतेक जण चरे भरून येत असतानाच धीर सोडतात, तेव्हा आणखी दोन मिनिटे द्यावीत.

हातानेच फेटायचे असेल, तर आपल्याकडे पूर्वीपासून कपात साखर-कॉफी घोटण्याची जी रीत आहे ती उपयोगी पडते. मोजलेल्या पाण्यापैकी निम्मेच आधी घालून मिश्रण फिकट होईपर्यंत घोटावे आणि उरलेले पाणी चमचा-चमचा करून घालत फेटत जावे. दाट मिश्रणात हवा लवकर अडकते आणि हाताला कष्ट कमी पडतात.

भांडे अरुंद आणि खोल असावे. रुंद वाडग्यात ५० ग्रॅम मिश्रण तळाला पसरते आणि फेटणी त्यात बुडतच नाही. मिक्सरच्या मोठ्या भांड्यातही हेच होते, पाती मिश्रणाच्या वरून फिरतात. फ्रॉथर रेंगाळत फिरत असेल, तर काही ठरवण्याआधी त्याचे सेल बदलून पाहावेत.

पावसाळ्यात दमट झालेली पूड

जून ते सप्टेंबर ठाण्यात आणि खाडीकाठच्या भागात हवा इतकी दमट असते, की उघड्या राहिलेल्या बाटलीतील कॉफी आठवड्याभरात गोळा होते. नुसत्या गुठळ्या असतील तर त्या वजन करून, गरम पाण्यात आधी पूर्ण विरघळवून आणि गरज पडल्यास गाळून वापरता येतात. कोरड्या गुठळ्या थेट फेटायला घेतल्या तर चौथ्या प्रकारचा दोष येतो. पूड चिकट, डांबरासारखी काळी झाली असेल, तिला कुबट वास येत असेल किंवा बुरशी दिसत असेल तर ती टाकून द्यावी. बाटलीत ओला चमचा घालू नये आणि वाफाळत्या पातेल्यावर धरून बाटली उघडू नये, कारण गुठळ्यांची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

डबा, भांडे, वजन आणि साखर या चारही गोष्टी तपासून झाल्यावर, हँड मिक्सरने दहा मिनिटांत किंवा हाताने वीस मिनिटांत चरे उमटले नाहीत, तर फेटणे थांबवावे. ते मिश्रण वाया जात नाही. थंड दूध आणि बर्फ घालून त्याची साधी कोल्ड कॉफी होते. पुढच्या वेळी दुसऱ्या डब्यातील कॉफी घेऊन, बाकी सर्व तेच ठेवून करून पाहावे, म्हणजे दोष पुडीचा होता की नाही हे निश्चित कळते.

गरम मिश्रण मिक्सरच्या बंद भांड्यात कधीही फिरवू नये. वाफेने झाकण उडते आणि चिकट गरम पाक अंगावर येतो. हँड मिक्सरवर ‘KB 5 min’ अशी खूण असेल, तर तो सलग पाच मिनिटांहून अधिक चालवायचा नसतो. आकडा वेगळा असेल तर तो पाळावा आणि मधे यंत्र थंड होऊ द्यावे. जळका वास आला, ठिणगी दिसली किंवा यंत्राला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर आधी भिंतीवरचे बटण बंद करावे, मग प्लग काढावा आणि यंत्र न उघडता कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात द्यावे. यंत्र लावताच घरातील एमसीबी किंवा ईएलसीबी पडत असेल, तर तो पुन्हा पुन्हा वर करून पाहू नये. दुसऱ्या खोलीतील वेगळे उपकरण लावल्यावरही तो पडला तर दोष घराच्या वायरिंगमध्ये असू शकतो आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनलाच बोलवावे.

शुद्ध इन्स्टंट कॉफीत साधारण ३ टक्के कॅफिन असते. म्हणजे ४ ग्रॅम कॉफीच्या एका ग्लासात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅफिन जाते, आणि युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने गर्भवतींसाठी दिवसाची मर्यादा २०० मिलिग्रॅम ठेवली आहे. चहा धरून ही मर्यादा मोजावी. प्रयोग करताना प्रत्येक वेळचा फेस चाखून संपवू नये, आणि पिल्यावर छाती धडधडणे, हात कापणे किंवा झोप उडणे असे त्रास वारंवार होत असतील तर कॉफी बंद करून डॉक्टरांना दाखवावे.